सूर्य मोजणाऱ्याची मोजणी

सोलर प्लांटच्या गेटवरचा वीजमीटर किती युनिट बाहेर गेली ते सांगतो. पण प्लांट चांगला चालतो आहे की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ढगाळ दिवशी कमी वीज झाली तर त्यात प्लांटचा दोष नसतो. लख्ख उन्हात तेवढीच कमी झाली तर नक्कीच असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या प्लांटमध्ये दुसरी एक मोजणी सतत चालू असते: ऊन किती पडले? मिळालेली वीज आणि त्या उन्हात मिळायला हवी होती ती वीज, यांच्या गुणोत्तराला परफॉर्मन्स रेशो किंवा नुसतेच ‘पीआर’ म्हणतात. ठेकेदाराने दिलेली हमी, बँकेला जाणारा मासिक अहवाल, पॅनेल धुवायची वेळ झाली का हा निर्णय, सगळे या पीआरवर ठरते.

गुणोत्तराच्या वरच्या अंगाला असलेल्या वीजमीटरची तपासणी काटेकोर होते, कारण त्यावर बिल निघते. खालच्या अंगाला असलेले ऊन मोजणारे उपकरण मात्र बहुतेक वेळा कंट्रोल रूमच्या छतावर किंवा पॅनेलच्या रांगेच्या टोकाला कुणी फारसे न पाहता उभे असते. त्याचे नाव पायरॅनोमीटर. हे उपकरण दीड टक्क्याने चुकले तर पीआरही दीड टक्क्याने चुकतो, आणि ही चूक पैशांत केवढी असते ते आकडे मांडल्यावर कळते. सोलापूर भागात ५० मेगावॅटचा एक प्लांट आहे असे समजू. पॅनेलच्या प्रतलावर वर्षाला प्रत्येक चौरस मीटरवर २,००० युनिट ऊन पडते आणि खरा पीआर ०.८० आहे असे धरले, तर वर्षाची वीज आठ कोटी युनिट होते. त्यातले १.४ टक्के म्हणजे ११ लाख २० हजार युनिट. तीन रुपये दर धरला तर साडेतेहतीस लाख रुपये. १.४ हा आकडा मी सहज निवडलेला नाही. पुढच्या उदाहरणात तोच आपल्या हाती लागणार आहे.

पायरॅनोमीटर आतून तसा साधा असतो. काचेच्या दोन घुमटांखाली एक काळी तबकडी. ऊन पडले की ती तापते. तिच्या खाली थर्मोपाइल असते, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडांची मालिका. काळ्या तबकडीजवळचे जोड गरम आणि उपकरणाच्या जाड धातूच्या बुडाजवळचे जोड थंड, या फरकातून थोडेसे व्होल्टेज निर्माण होते. दर वॅट प्रति चौरस मीटर उन्हामागे किती मायक्रोव्होल्ट, हा त्या उपकरणाचा स्वतःचा आकडा असतो. त्याला संवेदनशीलता म्हणू. आपल्या कल्पित प्लांटमधल्या उपकरणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावर ८.७२ लिहिले आहे. डेटालॉगर आलेल्या मायक्रोव्होल्टला ८.७२ ने भागतो आणि ऊन किती ते स्क्रीनवर दाखवतो. हल्लीच्या डिजिटल उपकरणांत हा भागाकार उपकरणाच्या पोटातच होतो, पण तो आकडा तिथेही असतोच.

काळा रंग वर्षानुवर्षे उन्हात राहून थोडा फिका पडतो आणि तबकडी पूर्वीइतके ऊन शोषत नाही. मग त्याच उन्हात मायक्रोव्होल्ट कमी येतात, पण लॉगर अजून ८.७२ नेच भागत असतो. ऊन खऱ्यापेक्षा कमी दिसते. गुणोत्तरातला छेद लहान झाला की पीआर वाढतो. म्हणजे जुना झालेला पायरॅनोमीटर प्लांटची खोटी स्तुती करतो. पॅनेलवर धूळ साचून वीज खरोखर घटलेली असली तरी कागदावर सगळे आलबेल दिसते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते, कारण आकडा चांगला आला की तो तपासायला कुणी जात नाही.

तपासायचे कशाशी, हा पुढचा प्रश्न. उन्हाचे मानक माप एखाद्या कपाटात कुलूपबंद ठेवता येत नाही. ते एका विशिष्ट प्रकारच्या उपकरणात असते, त्याला कॅव्हिटी रेडिओमीटर म्हणतात. एका अरुंद नळीतून थेट सूर्याकडे पाहणारी आतून काळी अशी पोकळी. तिच्यात शिरलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण अडकतो आणि ती तापते. मग शटर बंद करून उन्हाऐवजी विजेच्या हीटरने ती पोकळी नेमकी तितकीच तापवायची. हीटरला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागले ते अचूक मोजता येते. तेवढे वॅट म्हणजे आत आलेले ऊन. उन्हाचे मोजमाप अशा रीतीने विजेच्या मोजमापाला बांधले जाते, आणि मध्ये कोणत्याही रंगाच्या जुनेपणाचा प्रश्न फारसा उरत नाही.

अशा निवडक रेडिओमीटरांचा एक गट स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस इथल्या जागतिक विकिरण केंद्रात आहे. त्यांच्या एकत्रित वाचनावर सगळ्या जगाचा संदर्भ ठरतो आणि दर पाच वर्षांच्या सुमारास देशोदेशीची उपकरणे तिथे आणून शेजारी शेजारी सूर्याकडे रोखली जातात. तेरावी तुलना २०२१ मध्ये झाली. भारतातली ही साखळी पुण्यातून जाते. हवामान खात्याचे राष्ट्रीय विकिरण केंद्र पुण्यात आहे. देशभर ऊन मोजण्याचे जाळे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने उभे राहिले, आणि ते उभे करण्यात ॲना मणी यांचा मोठा वाटा होता. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता ती इथेच बनवायची आणि इथेच एकमेकांशी ताडून पाहायची, असा त्यांचा आग्रह होता. भारतातल्या सौर किरणोत्सर्गावर त्यांनी १९८० च्या सुमारास जे ग्रंथ तयार केले, त्यांत याच जाळ्यातली मोजणी आहे.

कॅव्हिटी रेडिओमीटर प्रत्येक प्लांटवर नेला जात नाही. त्याच्याशी ताडलेला एक उत्तम पायरॅनोमीटर संदर्भ म्हणून नेला जातो आणि प्लांटच्या उपकरणाशेजारी बसवला जातो. साखळीत प्रत्येक पायरीला थोडी अनिश्चितता वाढते. दाव्होसच्या संदर्भाची सुमारे ०.३ टक्के, संदर्भ पायरॅनोमीटरची साधारण एक टक्का, आणि प्लांटच्या उपकरणापर्यंत येईतो दीड-दोन टक्के. हे आकडे ध्यानात ठेवले पाहिजेत, कारण पुढे आपण एकेक टक्क्यासाठी झगडणार आहोत.

आता प्रत्यक्ष तुलना. मार्चचा तिसरा आठवडा आहे, आभाळ स्वच्छ आहे. आपल्या प्लांटची पॅनेल दक्षिणेकडे १८ अंश कलती आहेत, म्हणजे साधारण सोलापूरच्या अक्षांशाइतकी. मी ही तारीख आणि हा उतार मुद्दाम निवडला. विषुवदिनाच्या आसपास अक्षांशाइतक्या कललेल्या पॅनेलवर सूर्यकिरण किती तिरके पडतात याचा हिशेब फार सोपा होतो. माध्यान्हाला किरण पॅनेलला काटकोनात पडतात आणि त्यापुढे-मागे दर तासाला १५ अंशांनी तिरके होत जातात. तीन तास आधी ४५ अंश, चार तास आधी ६० अंश. फक्त माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ सोलापूरच्या पूर्वेला असलेल्या ८२.५ अंश रेखांशावरची आहे, त्यामुळे मार्चमध्ये तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून तीसेक मिनिटांनंतर. पुढे मी ज्या वेळा देतो त्या सूर्याच्या आहेत, भिंतीवरच्या घड्याळाच्या नाहीत.

तुलनेआधी दोन्ही घुमट पुसून स्वच्छ करायचे. आतली सिलिका जेल निळी, किंवा नव्या प्रकारची असेल तर केशरी, आहे ना ते पाहायचे. रंग उडालेला असेल तर आत दमटपणा शिरला आहे. आणि आदल्या रात्रीची वाचने काढून पाहायची. रात्री ऊन शून्य असते, पण घुमट थंड आकाशाकडे उष्णता सोडून गार होतो आणि उपकरण उणे दोन, उणे चार असे वाचन दाखवते. हे स्वाभाविक आहे आणि उपकरण जिवंत असल्याची खूणही आहे. काही प्लांटच्या संगणकात ऋण आकडे ‘चुकीचे’ म्हणून थेट शून्य करून साठवले जातात. तसे करू नये. उणे वीस दिसू लागले तर बिघाड रात्रीच कळला असता, तो मार्गच त्याने बंद होतो.

संदर्भ उपकरण कुठे बसवायचे, यावर सगळी तुलना उभी असते. प्लांटच्या पायरॅनोमीटरच्याच ब्रॅकेटवर शेजारी बसवले, तर दोघांची फक्त संवेदनशीलता ताडली जाते. ब्रॅकेट स्वतःच वाकडे असेल तर दोघेही सारखेच वाकडे पाहतात आणि गुणोत्तरात काहीच दिसत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात संदर्भ उपकरण पॅनेलच्या चौकटीवर, काचेला समांतर बसवले आहे. इनक्लिनोमीटर पॅनेलच्या काचेवर आणि उपकरणाच्या बुडावर आळीपाळीने ठेवून कोन जुळवला आहे. आपल्याला पॅनेलवर पडणारे ऊन हवे आहे, त्यामुळे आदर्श दक्षिण किंवा नकाशातले १८ अंश नव्हे, तर समोरचे पॅनेल जसे आहे तसे हे खरे माप.

दर मिनिटाची सरासरी नोंदवत दिवस जातो. ढगाचा तुकडा आलेली मिनिटे वगळली जातात, कारण दोन उपकरणांचा प्रतिसादाचा वेग थोडा वेगळा असतो आणि झपाट्याने बदलणाऱ्या उन्हात गुणोत्तर उगाच उड्या मारते. मग प्लांटचे वाचन भागिले संदर्भाचे वाचन. समजा आकडे असे आले: सकाळी आठला ०.९९९, नऊला १.०००, माध्यान्हाला ०.९८६, दुपारी तीनला ०.९७२ आणि चारला ०.९५६.

कुणी घाईत सकाळी नऊच्या सुमारास अर्धा तास तुलना केली असती, तर उपकरण अगदी अचूक आहे असा निष्कर्ष काढून परतला असता. दुपारी चारला गेला असता तर साडेचार टक्के चूक सांगून उपकरण बदलायला लावले असते. दिवसभराची सरासरी घेतली असती तर दोन्हींच्या मधला एक आकडा आला असता, आणि त्यातून खरा दोष कोणता हे कळलेच नसते. एका आकड्याचे कॅलिब्रेशन इथे अपुरे पडते. पाहायचा असतो तो दिवसभरात गुणोत्तराने घेतलेला आकार.

हा आकार तीन भागांत सुटतो. माध्यान्हाला किरण सरळ पडतात, तेव्हा कोनाशी संबंधित कोणतीच चूक डोके वर काढत नाही. तिथे उरलेले ०.९८६ म्हणजे निव्वळ संवेदनशीलतेतली घट, १.४ टक्के. त्या वेळचे कच्चे आकडेही हेच सांगतात. संदर्भ ८५० वॅट प्रति चौरस मीटर दाखवत असताना प्लांटच्या उपकरणातून ७,३१० मायक्रोव्होल्ट येत होते. भागाकार ८.६०. प्रमाणपत्रावरच्या ८.७२ पेक्षा तो १.४ टक्क्याने कमी आहे.

मग सकाळ-दुपारचा फरक. नऊ आणि तीन या वेळा माध्यान्हापासून सारख्याच दूर आहेत, किरणांचा तिरकेपणाही सारखाच आहे. तरी सकाळी १.००० आणि दुपारी ०.९७२. त्यांची सरासरी ०.९८६, म्हणजे माध्यान्हाचाच आकडा. याचा अर्थ एका बाजूला १.४ टक्के जास्त आणि दुसऱ्या बाजूला १.४ टक्के कमी. उपकरण पूर्वेकडे झुकलेले आहे. किती, तेही काढता येते. किरण ४५ अंशांनी तिरके असताना एका अंशाच्या झुकावाने थेट उन्हाचे वाचन १.७ टक्क्यांनी बदलते. पण सगळे ऊन थेट सूर्याकडून येत नाही. आकाशातून विखरून येणारा भाग स्वच्छ दिवशीही पाचव्या हिश्शाइतका असू शकतो आणि झुकावाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. १.७ च्या चार पंचमांश म्हणजे जवळजवळ १.४. झुकाव एक अंशाचा आहे. डोळ्यांना दिसणार नाही, हाताला जाणवणार नाही इतका. ब्रॅकेटचा एक बोल्ट ढिला असला किंवा जोरदार वाऱ्यात खांब किंचित फिरला की एवढे सहज होते.

इथे एक फसगत होते. दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या लॉगरवर असतील आणि त्यांची घड्याळे जुळत नसतील, तरी गुणोत्तर असाच आकार घेते. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणून घड्याळातला चार मिनिटांचा फरक एका अंशाच्या झुकावाचे हुबेहूब सोंग घेतो. ब्रॅकेट सरळ करायला पाना हातात घेण्याआधी हे तपासलेच पाहिजे, आणि त्यासाठी आपण वगळलेली ढगाची मिनिटे कामाला येतात. ढगाची सावली आली की दोन्ही वाचने एकाच क्षणी पडायला हवीत. एक आधी आणि दुसरे चार मिनिटांनी पडत असेल, तर दोष घड्याळाचा. दोन्ही एकदम पडत असतील तर झुकाव खरा आहे. तो ब्रॅकेटचा की उपकरणाच्या आतल्या तबकडीचा, हे पाहायला उपकरण त्याच बैठकीवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवतात. असमतोल तसाच राहिला तर दोष ब्रॅकेटचा, उलटला तर उपकरणाच्या आतला.

पूर्व-पश्चिम झुकावाचे एक बरे असते. सकाळी जास्त आणि दुपारी कमी मोजल्याने दिवसाची बेरीज बरीचशी सावरते. उत्तर-दक्षिण झुकाव तसा सावरत नाही. आपले उपकरण १८ ऐवजी १९ अंश दक्षिणेला कलले असते, तर डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हाला थेट ऊन ०.७ टक्का जास्त दिसले असते. जूनमध्ये सूर्य सोलापूरच्याही उत्तरेला जातो, तेव्हा तेच उपकरण ०.८ टक्का कमी दाखवते. वर्षाच्या बेरजेत हे मिटते, पण महिन्याच्या अहवालात पीआर हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात चढतो. मग कुणी त्याचे खापर तापमानावर फोडतो, कुणी धुळीवर. मार्चमधल्या माध्यान्हाच्या तुलनेत ही चूक दिसणारही नाही, कारण किरण काटकोनात असताना एका अंशाने काहीच फरक पडत नाही. म्हणून या दिशेला इनक्लिनोमीटरवरच भरवसा ठेवावा लागतो.

झुकाव म्हटले की आणखी एक वेगळी चूक येते आणि ती या चुकीशी नेहमी गल्लत करून सांगितली जाते. उपकरण कसेही धरले आणि त्यावर प्रकाश नेमका सारखाच पडत राहिला, तरी वाचन थोडे बदलते. घुमटाखाली तापलेल्या तबकडीवरून गरम हवा वर चढते. तबकडी आडवी असताना ही हवा एका तऱ्हेने फिरते, तिरकी केली की दुसऱ्या तऱ्हेने, आणि तबकडीतून निघून जाणारी उष्णता बदलते. हे मोजायचे तर प्रयोगशाळेत दिवा आणि उपकरण एकाच चौकटीला बांधून सगळी चौकटच कलती करतात. प्रकाशाचा कोन तोच राहतो, बदलते फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा. आयएसओ ९०६० या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत ‘ए’ वर्गाच्या उपकरणाला या चुकीसाठी अर्धा टक्का मुभा आहे, ‘बी’ ला दोन टक्के आणि ‘सी’ ला पाच. आपल्या १८ अंशांच्या उताराला ‘ए’ वर्गाच्या उपकरणात ही चूक नगण्य ठरते. स्वस्त उपकरण आडवे ठेवून कॅलिब्रेट केले आणि नंतर पॅनेलवर तिरके लावले, तर मात्र ती सोबत येते आणि प्रमाणपत्रावर तिचा पत्ता नसतो.

आता आठ आणि चारचे आकडे. ०.९९९ आणि ०.९५६ यांची सरासरी ०.९७७५ येते. माध्यान्हाच्या ०.९८६ पेक्षा ती जवळपास एक टक्क्याने कमी आहे. म्हणजे झुकाव बाजूला काढला तरी किरण ६० अंशांनी तिरके झाल्यावर उपकरण दोन्ही बाजूंना सारखेच कमी मोजते. ही कोसाइनची चूक.

तिरक्या उन्हाचा झोत पृष्ठभागावर पसरतो, म्हणून प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला कमी ऊन येते. किती कमी, ते कोनाच्या कोसाइनवरून ठरते. ६० अंशांना निम्मे, ८० अंशांना जेमतेम सहावा हिस्सा. आदर्श उपकरणाचे व्होल्टेज नेमके याच प्रमाणात उतरायला हवे. पण घुमटाची काच तिरक्या किरणांना थोडी वेगळी वळवते आणि परावर्तित करते, काळा रंगही तिरका प्रकाश सरळ प्रकाशाइतक्या तत्परतेने गिळत नाही, आणि तबकडी घुमटाच्या मध्यापासून केसभर वर-खाली बसली असली तरी त्याचा परिणाम होतो. म्हणून व्होल्टेज कोसाइनपेक्षा किंचित जास्त किंवा कमी उतरते.

ही चूक स्वच्छ मोजायची जुनी आणि सुंदर रीत म्हणजे सावलीची. पायरॅनोमीटरवर एक छोटी तबकडी अशी धरायची की फक्त सूर्य झाकला जाईल, बाकी आकाश मोकळे राहील. सावली असताना आणि नसताना आलेल्या व्होल्टेजमधला फरक म्हणजे केवळ थेट उन्हाचा वाटा. त्याच वेळी शेजारचा सूर्यावर रोखलेला रेडिओमीटर थेट ऊन किती ते सांगत असतो. आपल्या उपकरणावर किरण ६० अंशांनी तिरके असताना रेडिओमीटरने ८०० वॅट प्रति चौरस मीटर दाखवले असे धरू. तबकडीवर त्याचे निम्मे, ४०० पडायला हवेत. सावलीविना ४,१६० मायक्रोव्होल्ट, सावलीत ७६०. फरक ३,४००, भागिले ४००, म्हणजे ८.५०. सरळ किरणांना हीच संवेदनशीलता ८.६० होती. थेट उन्हापुरती चूक १.२ टक्के. विखुरलेला प्रकाश मिसळला की ती एक टक्क्याच्या आसपास दिसते, आणि दिवसभराच्या तुलनेत आपल्याला तेवढीच दिसली होती.

हा काही बिघाड नाही. मानकात या चुकीची मर्यादा टक्क्यांत दिलेली नसून वॅटमध्ये आहे: समोरून हजार वॅटचा झोत असेल, तर तो कोणत्याही कोनातून आला तरी ‘ए’ वर्गाच्या उपकरणाने दहा वॅटहून अधिक चुकू नये. आपल्या उपकरणाची चूक ६० अंशांना सहा वॅट भरते. ते ‘ए’ वर्गातच आहे. पण दहा वॅटची ही मुभा टक्क्यांत फिरवून पाहिली की तिचे स्वरूप कळते. ३० अंशांना ती एक टक्क्याहून किंचित जास्त, ६० अंशांना दोन टक्के, ८० अंशांना जवळपास सहा टक्के. उत्तम वर्गाचे, निर्दोष, नवे उपकरण पहाटे आणि सांजवेळी सहा टक्के चुकू शकते आणि तरीही प्रमाणपत्राला धरून असते.

प्रयोगशाळेत घरात, दिव्याखाली केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये यातले काही दिसत नाही. तिथे प्रकाश सरळ वरून पडतो आणि मिळणारा आकडा सरळ किरणांचाच असतो. बाहेर उन्हात तुलना केली तरी संदर्भ आणि प्लांटचे उपकरण एकाच मॉडेलचे असेल, तर दोघांची कोसाइनची चूक बरीचशी सारखी असते आणि गुणोत्तरात कटून जाते. गुणोत्तर सरळ रेषेत आले म्हणजे उपकरण कोसाइनला बरोबर आहे, असा अर्थ काढता येत नाही.

मग लॉगरमध्ये कोणता आकडा भरायचा? कोसाइनची चूक एका आकड्याने दुरुस्त होत नाही, कारण ती दर तासाला वेगळी असते. म्हणून कोन निवडावा लागतो. अनेक ठिकाणी ४५ अंशांजवळचा आकडा घेण्याची पद्धत आहे. आपल्या प्लांटसाठी माझे मत असे की जिथे ऊर्जा सर्वांत जास्त येते तिथला आकडा घ्यावा. विषुवदिनाला नऊ ते तीन या सहा तासांत थेट उन्हाची सत्तर टक्क्यांहून जास्त ऊर्जा पॅनेलवर पडते, आणि या वेळेत आपल्या उपकरणाचे गुणोत्तर झुकाव काढल्यावर ०.९८६ वरच राहते. आठच्या आधी आणि चारनंतर मिळून तेरा-चौदा टक्के. तिथे तीन टक्के चूक झाली तरी दिवसाच्या बेरजेत ती अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. म्हणून ८.६० भरायचे. दहा-पाच मिनिटांच्या पीआरवरून सकाळी सातच्या इन्व्हर्टरचा दोष शोधू पाहणाऱ्यांनी मात्र त्या वेळचा आकडा गंभीरपणे घेऊ नये.

सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरवर पॅनेल असतील, तर किरण दिवसभर बरेच सरळ पडतात आणि कोसाइनची चूक मागे पडते. तिथे पायरॅनोमीटर पॅनेलबरोबर फिरतो, त्यामुळे ट्रॅकरचा कोन जिथे चुकतो तिथे दोघेही चुकतात, आणि ती तपासणी वेगळी करावी लागते.

८.७२ चे ८.६० करायचे की नाही, हाही निर्णय सरळ नाही. बदल १.४ टक्क्याचा आणि मोजणीची अनिश्चितता दीड टक्क्याची. एकाच दिवसाच्या आकड्यावर मी बदल केला नसता. पण तीन स्वच्छ दिवसांत माध्यान्हाचा आकडा ०.९८५ ते ०.९८७ यांच्यातच राहिला, उपकरणांच्या जागा अदलाबदल करूनही तोच आला, आणि घट काळ्या रंगाच्या जुनेपणाच्या दिशेनेच आहे. ‘ए’ वर्गाच्या उपकरणाला वर्षाला ०.८ टक्क्याची घसरण मान्य असते, दोन वर्षांत १.४ त्यात बसते. एवढे जुळल्यावर बदल करणेच योग्य. आधी ब्रॅकेट सरळ करायचे, मग आकडा बदलायचा, आणि दोन्ही एकाच दिवशी करायचे नाही, नाहीतर पीआर कशाने बदलला ते पुन्हा कळणार नाही.

आकडा बदलला की दुसऱ्या दिवसापासून पीआर १.४ टक्क्याने खाली येतो. ०.८११ चा ०.८०० होतो. प्लांट मॅनेजरला विचारणा होते, आणि त्याच्याकडे तारीख, जुना-नवा आकडा, तिन्ही दिवसांची मिनिटवार वाचने आणि इनक्लिनोमीटरची नोंद नसेल तर तो अडकतो. मागच्या दोन वर्षांचे अहवालही पुन्हा पाहावे लागतात. घसरण कोणत्या महिन्यात किती झाली हे कुठेच नोंदलेले नसते. ती सरळ रेषेत झाली असे धरून प्रत्येक महिन्याचे ऊन थोडे थोडे वाढवायचे, किंवा प्लांटवर आडवा ठेवलेला दुसरा पायरॅनोमीटर असेल तर त्याच्याशी जुनी वाचने महिन्यागणिक ताडून घसरण कुठून सुरू झाली ते शोधायचे. दुसरी रीत वेळखाऊ आहे, पण ठेकेदाराच्या हमीचा हिशेब त्या दोन वर्षांतला असेल तर तीच वापरावी लागते.